फोटोतला कुत्रा खरंच हसतोय की घाबरलाय? कसं ओळखायचं?

ऑक्टोबरमधली रविवारची संध्याकाळ. द्रोणागिरीतल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो पडला. सात वर्षांची एक मुलगी सोसायटीच्या गेटवरच्या लाल्याला मिठी मारून बसलीये. लाल्या म्हणजे तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. मुलीचे दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती, गाल त्याच्या गालाला चिकटवलेला, आणि ती कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसतीये. खाली बदाम, 'सो क्यूट', 'बेस्ट फ्रेंड्स' वगैरे. मी पण बदाम टाकला, लपवत नाही.

चौथ्या दिवशी त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज आला. लाल्या त्याच मुलीच्या हातावर खेकसला, दात लागला, ओरखडा उठला. घरच्यांनी जखम नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतली, लगेच दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. इथपर्यंत सगळं बरोबर झालं. पुढे मात्र ग्रुपवर एकच वाक्य फिरायला लागलं, "इतका शांत कुत्रा, अचानक चावला. याला उचलून न्यायला सांगा."

'अचानक' हा शब्द काही माझ्या पचनी पडला नाही. म्हणून मी रविवारचा तो फोटो पुन्हा उघडला, झूम केला आणि फक्त कुत्र्याकडे बघितलं. लाल्याने जे सांगायचं होतं ते चार दिवस आधीच सांगून ठेवलेलं. आपण सगळे मुलीचं हसू बघत होतो.

तर आज विषय हाच. कुत्र्याच्या फोटोत नेमकं काय बघायचं, आणि फोटोवरून काय कळू शकत नाही.

इंटरनेटवरचे २५० फोटो

असा विचार करणारे आपण पहिले नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी २०१६ मध्ये इंटरनेटवरून असेच मिठीचे २५० फोटो गोळा केले. म्हणजे लोकांनी 'बघा आमचं किती प्रेम आहे' म्हणून स्वतःहून टाकलेले. कुत्र्याचा चेहरा नीट दिसतोय असेच फोटो घेतले, आणि मोठ्या कुत्र्याला जमिनीवरून उचललंय असे फोटो वगळले, कारण तिथे ताण मिठीचा की उचलल्याचा हे सांगता येत नाही. मग एकेका फोटोत कुत्र्याच्या अस्वस्थतेची खूण दिसते का ते तपासलं.

८१.६ टक्के फोटोंमध्ये किमान एक खूण सापडली. १०.८ टक्के फोटोंत नक्की काही सांगता येईना. कुत्रा खरंच आरामात आहे असे फोटो निघाले ७.६ टक्के.

आता हा आकडा वाचून लगेच 'सायन्सने सिद्ध केलं' म्हणू नका. कोरेन यांनी हे एका लेखात मांडलं होतं. तो इतर शास्त्रज्ञांनी तपासून छापलेला शोधनिबंध नव्हता, आणि फोटो तपासणारे तेच एकटे होते. शिवाय मिठीचा फोटो काढताना समोर मोबाईल असतो, कोणीतरी 'इकडे बघ इकडे बघ' ओरडत असतं, त्याचाही ताण असू शकतो. पण मिठीबद्दलचा त्यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. कुत्रा हा पळणारा प्राणी. नको असलेल्या गोष्टीपासून लांब जाणं हा त्याचा पहिला उपाय. गळ्यात हात टाकले की नेमका तोच बंद होतो. आपल्यासाठी मिठी म्हणजे माया, त्याच्यासाठी अडकणं.

आधी माणूस झाका

लाल्याच्या फोटोवर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मुलीचा चेहरा अंगठ्याने झाकला. ऐकायला बालिश वाटेल, पण करून बघा. माणसाचा हसरा चेहरा फोटोत असला की आपण तोच मूड कुत्र्यालाही चिकटवतो. कॅप्शनचंही तसंच. खाली 'बेस्ट फ्रेंड्स' लिहिलंय म्हटल्यावर डोळे तेच शोधतात.

मुलगी झाकल्यावर जे उरलं ते असं. लाल्याचं तोंड घट्ट मिटलेलं. डोकं मुलीपासून उलट्या बाजूला वळलेलं, पण डोळे मात्र तिच्याकडेच, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या भागाची कोर दिसतीये. कान मागे ओढून डोक्याला चिकटवलेले. पुढचा डावा पाय जमिनीपासून किंचित उचललेला. अंगाचा भार मागच्या पायांवर, म्हणजे मुलीपासून जितकं लांब सरकता येईल तितका तो सरकलाय. शेपूट मुलीच्या फ्रॉकमागे गेल्यामुळे दिसत नाही.

मराठीत यासाठी शब्द तयार आहे, अंग चोरणे. लोकलच्या गर्दीत शेजारचा फारच रेलायला लागला की आपण जसे खांदे आवळून, मान तिकडे करून उभे राहतो, तसाच लाल्या बसला होता. आपल्या भाषेत कान टवकारणे आहे, शेपूट घालणे आहे, दात विचकणे आहे. म्हणजे गावाकडची माणसं कुत्रा वाचत होतीच की. फोटो आला आणि आपण कॅप्शन वाचायला लागलो.

आता यातल्या खुणा जरा सावकाश बघू, कारण प्रत्येकीत एक फसायची जागा आहे.

डोळे आणि तोंड

डोळ्याच्या कडेला दिसणाऱ्या त्या पांढऱ्या कोरीला कुत्र्यांचे अभ्यासक 'व्हेल आय' म्हणतात. कुत्र्याच्या डोळ्यात आपल्यासारखा पांढरा भाग एरवी फारसा दिसत नाही. तो दिसतो कधी, तर तोंड एकीकडे आणि नजर दुसरीकडे असते तेव्हा. त्याला समोरच्याकडे सरळ बघायचं नसतं, पण नजरेआडही होऊ द्यायचं नसतं. कारण ते जे काही आहे, त्याची त्याला खात्री नसते.

फसायची जागा अशी की पग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या, डोळे बाहेर आलेल्या जातींमध्ये पांढरी कोर आरामात असतानाही दिसते. आणि कुशीवर लोळत पडलेला कुत्रा मान न हलवता नुसता डोळा फिरवून तुमच्याकडे बघतो, तेव्हाही दिसते. म्हणून कोर दिसली की लगेच निकाल द्यायचा नाही. अंग ताठ आहे का सैल, ते बघायचं.

तोंडाचं प्रकरण जास्त गोंधळाचं आहे. 'हसणारा कुत्रा' म्हणून जे फोटो फिरतात त्यात बहुतेक वेळा कुत्रा धापा टाकत असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जिभेवरून आणि तोंडातून पाण्याची वाफ होऊन तो अंग थंड करतो. ऑक्टोबर हीट आणि वर खाडीचा दमटपणा, म्हणजे उरण-द्रोणागिरीकडचा कुत्रा दिवसातले निम्मे तास जीभ बाहेर काढूनच असणार. आनंद झाला म्हणून नाही, उकडतंय म्हणून.

पण कुत्रा घाबरल्यावरही धापा टाकतो. मग फरक कुठे शोधायचा? ओठांच्या कोपऱ्यात. आरामातल्या कुत्र्याचं तोंड सैल उघडं असतं, जीभ एका बाजूला लोंबत असते, डोळे मऊ, थोडे बारीक झालेले, कपाळ गुळगुळीत. ताणातल्या कुत्र्याचे ओठांचे कोपरे कानाच्या दिशेने मागे ओढले जातात, गालावर घड्या पडतात, डोळे मोठे आणि गोल होतात, भुवयांच्या जागी आठ्या. घाईत बघितलं तर हा दुसरा चेहरा जास्त 'हसरा' वाटतो. म्हणूनच त्यावर जास्त बदाम पडतात!

आणि लाल्यासारखं तोंड पटकन मिटलं असेल तर? मिटलेलं तोंड स्वतः काही वाईट नाही. शांत बसलेल्या कुत्र्याचं तोंड मिटलेलं असतंच. पण इतका वेळ धापा टाकणारा कुत्रा कोणी जवळ आल्यावर एकदम तोंड मिटून थिजला, तर तो ताण. एका फोटोत हे 'एकदम' दिसत नाही. त्यासाठी आधीचा फोटो लागतो. त्याकडे येतेच.

नाकावरून जीभ फिरवतानाचा फोटोही असाच. समोर बिस्किट असेल तर तोंडाला पाणी सुटलंय एवढंच. खायला काही नाही, कोणीतरी वाकून चेहऱ्याजवळ आलंय आणि जीभ फिरतीये, तर 'जरा लांब' असा त्याचा अर्थ. जांभईही तशीच. झोपेतून उठलेला कुत्रा जांभई देतो, आणि लहान मुलांच्या घोळक्यात सापडलेलाही देतो.

कान, आणि कानाचा तुकडा

गावठी कुत्र्याचे कान वाचायला सोपे, कारण ते बहुधा उभे असतात. सैल बाजूला झुकलेले म्हणजे आराम, पुढे टवकारलेले म्हणजे लक्ष कशावर तरी, मागे ओढून सपाट केलेले म्हणजे भीती किंवा शरणागती. लॅब्रेडॉर, बीगल यांचे कान लोंबते, तिथे टोकाकडे न बघता मुळाकडे बघावं लागतं. मूळ मागे ओढलं गेलंय का, एवढंच.

लाल्याच्या एका कानाला 'व्ही'सारखी खाच आहे. ग्रुपवर एकाने ती दाखवून लिहिलं, "बघा, आधीपासूनच भांडखोर आहे, कान फाटलाय." असं काही नाही. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याची ती खूण असते, ऑपरेशनच्या वेळीच केलेली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्याच्याच परिसरात परत सोडतात. म्हणजे ज्या खुणेवरून लाल्या गुंड ठरला, ती खरं तर त्याची नसबंदी झाल्याची पावती होती.

वॉचमनकाकांच्या मोबाईलमधला दुसरा फोटो

एका फोटोवरून माझं समाधान होईना, म्हणून मी गेटवर गेले. वॉचमनकाकांना विचारलं, काका, लाल्याचे अजून फोटो आहेत का? त्यांच्या मोबाईलमध्ये त्याच रविवारचा, मिठीच्या साधारण दहा मिनिटं आधीचा फोटो निघाला. लाल्या काकांच्या खुर्चीशेजारी पसरलाय. एका कुल्ल्यावर कललेला, मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला. तोंड अर्धं उघडं, जीभ बाजूला. कान दोन दिशांना. शेपूट फरशीवर सैल पडलेली.

एका कुल्ल्यावर कलून बसणं ही फार बोलकी गोष्ट आहे. तसा बसलेला कुत्रा पटकन उठू शकत नाही. त्याला उठायची गरज वाटत नाहीये, म्हणून तो तसा बसतो.

आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा. तोच कुत्रा, तीच जागा, तीच उकड. दहा मिनिटांत तोंड मिटलं, कान मागे गेले, भार मागे गेला, पाय उचलला गेला. मधल्या काळात बदललं काय? गळ्यात दोन हात आले. यापेक्षा चांगला पुरावा मिळणं कठीण. एखादा कुत्रा मुळातच कान मागे ठेवून वावरतो, एखाद्याची शेपूट जातीनेच खाली असते. त्याचा स्वतःचा निवांत चेहरा कसा दिसतो हे माहीत असेल, तरच बदल कळतो. तुमच्या घरी कुत्रा असेल तर तो जेवून पंख्याखाली पडलेला असतानाचा एक फोटो जपून ठेवा. तो तुमचा मापदंड.

काकांना रविवारचा फोटो दाखवला तर ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं बेबीला, सोड त्याला. पण फोटो चालू होता ना मॅडम."

'चूक केल्याचा चेहरा'

मिठीच्या फोटोंसारखाच लोकप्रिय प्रकार म्हणजे उशी फाडलेली आहे, बाजूला कुत्रा मान खाली घालून, कान पाडून, डोळे वर करून बघतोय, आणि कॅप्शन 'बघा कसा गिल्टी वाटतोय'.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ मध्ये याचीच परीक्षा घेतली. १४ कुत्रे. मालकाने खाऊ समोर ठेवून 'खायचं नाही' म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं की नाही खाल्लं. गंमत अशी की हे सांगणं काही वेळा मुद्दाम खोटं असायचं. निष्कर्ष काय, तर तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्लाय की नाही यावर ठरत नव्हता. मालक ओरडतोय का, यावर ठरत होता. काहीच न केलेल्या कुत्र्यानेही ओरडा बसल्यावर तोच चेहरा केला.

म्हणजे ज्या फोटोला आपण 'गिल्टी' म्हणून हसतो, त्यात बहुधा एक घाबरलेला कुत्रा आवाज चढवलेल्या माणसासमोर 'मिटव आता' म्हणत असतो. त्याला उशी आठवत असेलही, पण त्या चेहऱ्यावरून तसं म्हणता येत नाही.

फोटो कुठे फसवतो?

फोटोत शेपूट हलत नाही, ती एका जागी थांबलेली असते. सैल, रुंद, कंबरेसकट हलणारी शेपूट आणि ताठ उभी, बारीक थरथरणारी शेपूट यांचा अर्थ वेगळा, आणि फोटोत दोन्ही नुसत्या 'वर' दिसू शकतात. गुरगुरणं ऐकू येत नाही. कॅमेऱ्यामागे काय आहे ते कळत नाही. जेएनपीटीकडे जाणारा कंटेनर हॉर्न मारत गेला असेल, तर कान मागे जाण्याचं कारण तेही असेल. फ्लॅशमुळे डोळे मोठे दिसतात. वरून काढलेल्या फोटोत कोणताही कुत्रा दबलेला दिसतो. काळ्या कुत्र्याच्या चेहऱ्यावरच्या घड्या तर फोटोत गायबच होतात.

म्हणून मी एक साधा नियम धरते. एकच खूण असेल तर गप्प बसायचं. एकाच दिशेला बोट दाखवणाऱ्या दोन-तीन खुणा एकत्र असतील, आणि त्यांना उकाडा, खाऊ, झोप असं साधं कारण सापडत नसेल, तरच 'हा अस्वस्थ आहे' म्हणायचं. लाल्याच्या फोटोत पाच होत्या.

आणि उलट्या बाजूने, फोटोत कुत्रा निवांत दिसतोय म्हणून प्रत्यक्षात जाऊन हात लावायचा, हेही नको. फोटो एका क्षणाचा असतो. शंका असेल तर फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. त्यात तीन सेकंद कुरवाळून हात मागे घ्या आणि थांबा. कुत्रा पुन्हा जवळ आला, अंग घासलं, तर त्याला हवंय. जागीच थिजला, मान वळवली, अंग झटकून निघून गेला, तर उत्तर मिळालं. हे अर्थात ओळखीच्या कुत्र्याबरोबरच करायचं.

लहान मुलांना मात्र यातलं काही सोपवून मोकळं होता येत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन मेंट्स यांच्या टीमने लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले, तेव्हा लहान वयाची बरीच मुलं दात विचकलेल्या कुत्र्याला 'हसतोय' म्हणाली. मुलं चेहऱ्याकडे बघतात, दात दिसले की हसू समजतात आणि अजून जवळ जातात. आपल्या सात वर्षांच्या बेबीने रविवारी काही वेगळं केलं नव्हतं.

मग लाल्याचं काय झालं?

दोन्ही फोटो शेजारी लावून, गोल आणि बाण काढून मी ते ग्रुपवर टाकले. खाली पाच ओळी लिहिल्या. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. मग मुलीच्या आईचाच मेसेज आला, "मी फोटो काढताना तिला अजून जवळ बस म्हणत होते." त्या ताईंना हे सगळ्यांसमोर लिहायला काय वाटलं असेल, मला कल्पना आहे.

सगळे पटले असं नाही. दोघांचं म्हणणं अजूनही आहे की चावणारा कुत्रा गेटवर नको, आणि ज्यांची मुलं लहान आहेत त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. लाल्याची खाण्याची जागा गेटवरून मागच्या कंपाउंडकडे हलवली, मुलांच्या सायकली जातात त्या वाटेपासून लांब. मुलीची इंजेक्शनं पूर्ण झाली.

गेल्या आठवड्यात ताईंनी मला एक फोटो पाठवला. मुलगी पायरीवर बसलीये, लाल्या तिच्यापासून चार-पाच फुटांवर, तिच्याकडे पाठ करून एका कुल्ल्यावर कललाय. जीभ बाजूला. खाली विचारलं होतं, "पाठ केलीये, म्हणजे रागावलाय का अजून?"

मी लिहिलं, नाही ताई, ज्याची भीती वाटते त्याच्याकडे कुत्रा सहसा पाठ करून पसरत नाही. पण शेपूट पायरीमागे गेलीये, आणि हा एकच फोटो आहे. व्हिडिओ असेल तर पाठवा.